चार गाड्या, चौदा जोड्या: गर्दीचे तास सांभाळणारा आणि हेवी नाइटनंतर झोप देणारा रुग्णवाहिकेचा ड्युटी चार्ट

रुग्णवाहिकेचा ड्युटी चार्ट बहुतेक ठिकाणी सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ असा दोन तुकड्यांत असतो. लावायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा. गोची अशी की रात्री आठ ही वेळ ऐन गर्दीत येते. रस्त्यावर वाहनं असतात, घरात माणसं असतात, दवाखाने बंद व्हायला लागलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्या गाड्या चार्ज देण्याघेण्यासाठी बेसवर उभ्या असतात. मग पहाटे तीनला तेवढ्याच गाड्या, बहुतेक रिकाम्या. त्यातही एखादी रात्र अशी जाते की पाठ टेकायला मिळत नाही, आणि तीच जोडी संध्याकाळी पुन्हा स्टिअरिंगवर असते.

या दोन्ही दुखण्यांवर एकाच चार्टात इलाज करता येतो. त्यासाठी एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत सोडवू. महामार्गालगतचं तालुक्याचं गाव, एका ट्रस्टची रुग्णवाहिका सेवा, तीन गाड्या चालू आणि चौथी राखीव. प्रत्येक गाडीवर एक जोडी: पायलट आणि डॉक्टर किंवा ईएमटी, म्हणजे तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ सेवा सुरू झाल्यापासून चालकाला पायलट म्हणणं रुळलंय, इथेही तेच म्हणतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत तीच राहील.

आधी लॉगबुक उघडा

मागच्या आठ आठवड्यांचं लॉगबुक घ्या. प्रत्येक कॉलच्या दोन वेळा हव्यात: कॉल आला तो क्षण, आणि गाडी पुढच्या कॉलसाठी तयार झाली तो क्षण. दुसरी वेळ बहुतेक लॉगबुकात नसतेच. रुग्ण सिव्हिलमध्ये उतरवला की नोंद संपते. पण त्यानंतर स्ट्रेचर पुसणं, ऑक्सिजन सिलिंडर बदलणं आणि तीस किलोमीटर परत येणं बाकी असतं, आणि तेवढा वेळ ती गाडी तुमच्या गावाला उपलब्ध नसते. ही नोंद नसेल तर जीपीएसवरून काढा. तेही नसेल तर आजपासून चार आठवडे लिहायला लावा आणि चार्ट नंतर करा. अर्धवट आकड्यांवर केलेला चार्ट पहिल्याच महिन्यात कोसळतो.

मोठ्या शहरात रेफर केलेल्या केसेस वेगळ्या काढा. पाच-सहा तासांची अशी एक केस सरासरी फुगवते आणि गावातली गाडी पळवते. त्यातल्या आधी ठरलेल्या केसेसची सोय पुढे राखीव जोडीकडे येईल.

उदाहरणातल्या गावात रोज सरासरी १८ कॉल, आणि कॉल आल्यापासून गाडी तयार होईपर्यंत ८० मिनिटं, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश तास. कॉलची विभागणी अशी: मध्यरात्री १२ ते सकाळी ६ मध्ये २, सकाळी ६ ते ९ दीड, ९ ते दुपारी १ मध्ये ४, दुपारी १ ते ५ मध्ये ३, संध्याकाळी ५ ते रात्री १० मध्ये ६ आणि १० ते १२ मध्ये दीड. रविवार आणि बाजाराच्या दिवसाचा तक्ता वेगळा करा. विसर्जन, यात्रा, ३१ डिसेंबर यांना सरासरी लागूच पडत नाही, ते दिवस सुटे लावायचे.

किती गाड्या लागतात

तासाला येणारे कॉल गुणिले एका कॉलचा वेळ, म्हणजे त्या तासात सरासरी किती गाड्या अडकलेल्या असतात ते कळतं. संध्याकाळच्या पाच तासांत ६ कॉल, म्हणजे तासाला १.२, त्याला १.३३ ने गुणलं की १.६. मग दोन गाड्या पुरतील? नाही. कॉल रांगेत उभे राहून येत नाहीत, घोळक्याने येतात.

सुरक्षित भर काढायची एक सोपी रीत: त्या सरासरीचं वर्गमूळ काढा, त्याची दीडपट सरासरीत मिळवा आणि वरचा पूर्णांक घ्या. १.६ चं वर्गमूळ साधारण १.२६, त्याची दीडपट १.९, बेरीज ३.५, म्हणजे चार गाड्या. मध्यरात्रीनंतर सरासरी ०.४४ येते, तिथे दोन पुरतात. सकाळी ६ ते ९ दोन, ९ ते ५ तीन, रात्री १० ते १२ तीन. यात ९ ते १ ला ३.०७ येतात, म्हणजे तीनच्या किंचित वर, पण तिथे तीनच धरू.

याचा फायदा किती? संध्याकाळी तीनच गाड्या असतील तर साधारण पाचातला एक कॉल अशा वेळी येतो की सगळ्या गाड्या बाहेर असतात. चार असतील तर बारा-तेरातला एक. मध्यरात्रीनंतर दोनच गाड्या ठेवल्या तरी चौदातला एक. सकाळी ९ ते १ मात्र तीन गाड्यांनी थोडं ओढाताणीचंच राहतं, सहा-सातातला एक कॉल अडतो. चौथी गाडी तिथेही हवीशी वाटेल, पण माणसं मोजकी असतील तर मी ती संध्याकाळीच ठेवेन. सकाळी निदान ओपीडी उघड्या असतात.

सगळ्या तासांची बेरीज केली तर रोज ६८ जोडी-तास लागतात. तीन गाड्या चोवीस तास चालवल्या तर ७२ होतात. म्हणजे तास तेवढेच आहेत, फक्त पहाटेचे उचलून संध्याकाळी ठेवायचे आहेत.

शिफ्टची सुरुवात सरकवा

बारा तासांच्या दोन पाळ्यांत हे बसत नाही. आठ तासांच्या नऊ ड्युट्या घ्या आणि प्रत्येकीची सुरुवात वेगळ्या वेळी ठेवा:

| गाडी | पहिली ड्युटी | दुसरी | तिसरी |
|---|---|---|---|
| गाडी १ | ६ ते १४ | १४ ते २२ | २२ ते ६ |
| गाडी २ | ७ ते १५ | १५ ते २३ | २३ ते ७ |
| गाडी ३ | ९ ते १७ | १७ ते १ | – |
| गाडी ४ | १६ ते २४ | – | – |

संध्याकाळी चारपासून मध्यरात्रीपर्यंत चार गाड्या रस्त्यावर असतात. कुठल्याही क्षणी फार तर एकच गाडी चार्जसाठी थांबलेली असते. ऑक्सिजनचा दाब, सक्शन, मॉनिटरचं चार्जिंग, औषधांची पेटी, डिझेल यांना पंधरा मिनिटं लागली तरी बाकीच्या गाड्या बाहेर आहेत. गाडी ३ पहाटे एक ते सकाळी नऊ मोकळी असते आणि गाडी ४ मध्यरात्रीपासून दुपारी चारपर्यंत. सर्व्हिसिंग आणि धुणं-निर्जंतुकीकरण तेव्हा.

या मोकळ्या गाड्यांचा आणखी एक उपयोग आहे. सकाळी ६ ला रात्रीची जोडी कॉलवर अडकली असेल, तर सकाळच्या जोडीने तिची वाट बघत बसायचं नाही, मोकळी गाडी घेऊन निघायचं. दुपारी २ आणि ३ लाही गाडी ४ फेरीवर गेलेली नसेल तर मिळते. संध्याकाळी ५ ला आणि रात्री १० आणि ११ ला मात्र चारही गाड्या कामात असतात, तिथे ही सोय नाही. त्यामुळे त्या तीन बदलांच्या आधीच्या अर्ध्या तासात बदलू घातलेल्या गाडीला लांबचा कॉल द्यायचा नाही, हे कंट्रोल रूमला लेखी सांगून ठेवा. मोकळी गाडीही पूर्ण सज्ज असली पाहिजे. तिचा मॉनिटर काढून दुसऱ्या गाडीत बसवलेला असेल तर ही सगळी योजना कागदावरच राहते.

रात्री बारा आणि एकला सुटणाऱ्यांची घरी जायची सोय आधी ठरवा. ती नसेल तर लोक बेसवरच झोपतात, आणि बेसवर झोपलेल्या माणसाला कोणीतरी कॉलला उठवतंच.

हेवी नाइट म्हणजे काय, ते घड्याळ ठरवेल

"फार दमलो, आज नको" असं म्हणायची वेळ पायलटवर आणू नका. म्हणणारा कामचुकार ठरतो आणि न म्हणणारा गाडी ठोकतो. निकष लॉगबुकवरून तपासता येईल असा हवा. मी तीन निकष ठेवतो, यातला कुठलाही एक पुरेसा:

- आठ तासांत पाच तासांहून जास्त वेळ कॉलवर गेला.
- रात्री १ ते ५ मध्ये सलग पाऊण तासही मोकळा मिळाला नाही.
- ड्युटी संपायच्या वेळेनंतर एक तासाहून जास्त काम लांबलं.

चौथी बाब मिनिटांत मोजता येत नाही. लहान मूल दगावलं, मोठ्या अपघातात एकामागून एक रुग्ण उचलावे लागले, अशी रात्र निकषात बसत नसली तरी हेवी धरावी. हा अधिकार सुपरवायझरकडे असावा, आणि त्यासाठी त्याला वर विचारावं लागू नये.

पाच तासच का? आपल्या उदाहरणात मध्यरात्रीनंतर दोन गाड्यांत मिळून अडीच-पावणेतीन तासांचं काम असतं, म्हणजे साध्या रात्री एका जोडीला दोन तासांच्या आतबाहेर. पाच तास म्हणजे त्याच्या अडीचपट. तुमच्याकडे साधी रात्रच चार तासांची असेल तर हा आकडा वर नेऊ नका, रात्रीची गाडी वाढवा.

१ ते ५ ची अट शरीरासाठी आहे. शरीराचं तापमान आणि सावधपणा पहाटे सगळ्यात खाली असतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारख्या बिघडतात, असं १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात दिसलं होतं. आपल्याकडे वाहन चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी आठला उठून दुपारी न झोपता नाइटला आलेल्या पायलटचे १७ तास रात्री एक वाजताच भरतात. म्हणून पहिल्या नाइटच्या दुपारी मीटिंग किंवा ट्रेनिंग ठेवणं म्हणजे रात्र आपल्या हाताने हेवी करणं.

विश्रांतीची जागा आधीच भरून ठेवा

बहुतेक ठिकाणी नियम असतो, पाळला जात नाही. कारण साधं आहे: त्या जोडीला झोपायला पाठवलं तर गाडीवर कोण? म्हणून रोजच्या चार्टात दहावी ओळ हवी: राखीव जोडी. तिची वेळ सकाळी ठरते.

सकाळी सातपर्यंत रात्रीच्या दोन्ही जोड्यांच्या ट्रिप शीट येतात. सुपरवायझर मिनिटांची बेरीज करतो. रात्र हेवी निघाली तर त्या जोडीची पुढची नाइट रद्द होते, आणि राखीव जोडीला आठच्या आत निरोप जातो: आज तुमची नाइट. त्यांच्या हातात चौदा तास असतात, दुपारी झोपून येता येतं. रात्र साधी गेली असेल तर राखीव जोडी ११ ते १९ येते आणि मोठ्या शहरात न्यायच्या ठरलेल्या रेफर केसेस, डिस्चार्ज आणि डायलिसिसच्या फेऱ्या करते. तेव्हा रस्त्यावर तीनच गाड्या असतात, म्हणून गाडी ४ मिळते, पण दुपारी चारपर्यंत. लांबची फेरी सकाळी ११ लाच निघाली पाहिजे.

एक शनिवारची रात्र बघू. रात्र-१ ची जोडी २२ ते ६, तिच्या तीन नाइटमधली ही पहिली. २२:२० ला महामार्गावर दुचाकीचा अपघात, गाडी तयार २३:५० ला: ९० मिनिटं. ००:३० ला वाडीवरून बाळंतपणाचा कॉल, तयार २:१० ला: १०० मिनिटं. २:४० ला छातीत दुखण्याची केस, ग्रामीण रुग्णालयातून पुढे रेफर, तयार ४:५० ला: १३० मिनिटं. एकूण ३२० मिनिटं, म्हणजे पाच तासांच्या वर. ५:१५ ला नवा कॉल येतो. कंट्रोल रूमच्या पडद्यावर ही गाडी आता "दुसरा नंबर" दिसते. पाच तास भरलेल्या गाडीकडे कॉल तेव्हाच जातो, जेव्हा दुसरी गाडी बाहेर असते, किंवा जीव धोक्यात आहे आणि हीच गाडी दहा मिनिटांहून जास्त जवळ आहे. इथे रात्र-२ मोकळी आहे, ती जाते. सहाला सकाळची जोडी चार्ज घेते.

सातला बेरीज होते, रविवारची नाइट रद्द. राखीव जोडी रविवारी २२ ला येते. ही जोडी परततेय सोमवारी रात्री २२ ला, मध्ये ४० तास. तिसरी नाइट ती नेहमीप्रमाणे करते. हेवी रात्र तीनमधली शेवटची असती तर काहीच हलवावं लागलं नसतं, कारण पुढे सुट्टी आहेच.

एकाच रात्री दोन्ही जोड्या हेवी गेल्या तर राखीव एकच आहे. तेव्हा ज्यांची मिनिटं जास्त त्यांची नाइट रद्द करायची. दुसरी जोडी रात्री ११ ऐवजी १ ला येते, आणि १७ ते १ ची जोडी तोवर गाडी ३ वर आहेच. ११ ते १२ मध्ये चारऐवजी तीन आणि १२ ते १ मध्ये तीनऐवजी दोन गाड्या राहतात, आणि आपल्या हिशेबात तिथे तेवढ्याच लागत होत्या.

रद्द झालेली नाइट भरपगारी धरा आणि ड्युटी म्हणून मोजा. पैसे कापले तर कोणीच हेवी नाइट नोंदवणार नाही. ८० मिनिटांचा कॉल शीटवर ५५ मिनिटांचा व्हायला लागेल.

आणि हो, सुटल्यावर लगेच दुचाकीवर घरी जाऊ देऊ नका. बेसवर अंधार करता येईल अशी खोली, पंखा, चादर आणि कॉलच्या आवाजापासून लांब जागा एवढं पुरतं. तिथून उठल्यावर डोकं जाग्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढं थांबून निघायचं.

नाइटऑफला साप्ताहिक सुट्टी समजू नका

सोमवारी सकाळी सहाला सुटलेल्या माणसाचा सोमवार झोपेत जातो. तोच दिवस कित्येक चार्टांत साप्ताहिक सुट्टी म्हणून लिहिलेला असतो आणि मंगळवारी सहाला पुन्हा ड्युटी. माझ्या मते चार्टातली ही सगळ्यात लबाड ओळ. शेवटच्या नाइटपासून पुढच्या ड्युटीपर्यंत ४८ तास ठेवा: सोमवार झोपेचा, मंगळवार सुट्टी, बुधवारी कामावर. क्रम सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असाच पुढे सरकवा. सलग नाइट तीनच.

दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास ठेवा. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये चालकासाठी सलग ९ तास विश्रांती होती. आता श्रमसंहिता आल्या आहेत, तेव्हा तुमच्या संस्थेला नेमकं काय लागू होतं ते कामगार सल्लागाराला विचारून घ्या. ९ तासांत जाणं-येणं, जेवण आणि आंघोळ धरली तर झोपेला सहा तासही उरत नाहीत, म्हणून ११. आपसात केलेली ड्युटीची अदलाबदलही याच अटीत बसली पाहिजे. रात्री एकला सुटणारा मित्रासाठी सकाळी सहाची ड्युटी घेतो, मैत्री छान, पण मध्ये पाचच तास.

जोड्या किती लागतील

रोज ९ ड्युट्या म्हणजे आठवड्याला ६३. राखीव ७. आठवड्याला १४ नाइट, तीन-तीनच्या गटांत साधारण पाच गट, प्रत्येक गटामागे झोपेचा एक दिवस, म्हणजे ५. रजा, आजारपण, ट्रेनिंग यासाठी प्रत्येकाचे वर्षाला ३० दिवस धरले तर आठवड्याला ८. बेरीज ८३. एक जोडी आठवड्याला ६ ड्युट्या करते, तेव्हा १४ जोड्या, म्हणजे २८ माणसं.

आकडा ऐकून व्यवस्थापन दचकेल. बारा तासांच्या चार्टात सात जोड्यांत भागत होतं ना? भागत होतं, कारण प्रत्येक जण आठवड्याला ७२ तास राबत होता आणि रजा पडली की डबल ड्युटी. ४८ तासांच्या हिशेबाने जुन्या चार्टालाही रजा न धरता साडेदहा जोड्या लागतातच. हे गणित कागदावर मांडून मगच बोलायला बसा.

माणसं एवढी मिळत नसतील तर काटछाट कुठे करायची हेही ठरवून ठेवा. सगळ्यात आधी गाडी ४ ची ड्युटी फक्त गर्दीच्या वारी ठेवा. मग रविवारची ९ ते १७ बघा. राखीव ओळ शेवटी. सगळे उलटं करतात, राखीव जोडी आधी कापतात, कारण ती रिकामी दिसते.

बिघाड कसा ओळखायचा

महिन्याला तीन गोष्टी बघा. पहिली, राखीव जोडी किती वेळा हेवी नाइटसाठी गेली आणि किती वेळा कोणाच्या रजेवर. रजेचा आकडा मोठा असेल तर तुमच्याकडे राखीव जोडी नाहीच, रिलीव्हर आहे. दुसरी, पहाटे ३ ते ६ मध्ये कॉल आल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ, पहिल्या आणि तिसऱ्या नाइटचा वेगवेगळा. तिसऱ्या नाइटला तो वाढत असेल तर नाइट दोनवर आणा. तिसरी, हेवी नाइटची संख्या अचानक घटली आणि कॉल तेवढेच राहिले, तर शीटवरच्या वेळा जीपीएसशी ताडून बघा. आणि कोणाला जाब विचारण्याआधी रद्द नाइटचे पैसे खरंच जमा होताहेत का, ते पगारपत्रकात तपासा.